एक घर, दोन मसले : बडोद्यातल्या एका पगारदार कुटुंबाच्या जकातीचा हिशेब

2025 च्या रमजानला चार दिवस उरले होते तेव्हा माझा मामेभाऊ तांदळज्याहून स्कूटरवर माझ्याकडे आला. प्लास्टिकच्या पिशवीत बँकेचं पासबुक, मुदत ठेवीची पावती आणि घराच्या कर्जाचं पत्र होतं. तो म्हणाला, "आपा, या वर्षीही माझ्यावर जकात बसत नाही. फक्त एकदा बघून घे." मी बडोद्यातल्या एका कारखान्यात हिशेब लिहिते, म्हणून नात्यातले लोक रमजानच्या तोंडावर जकातीचा, म्हणजे शिल्लक मालाच्या चाळीसाव्या भागाच्या सक्तीच्या दानाचा, हिशेब घेऊन माझ्याकडे येतात. मसला, म्हणजे धर्माचा नियम काय ते, सांगणं माझं काम नाही, ते मी आलिमांवर सोडते. पण मसला कळल्यावर आकडे कुठे मांडायचे, कुठे वजा करायचे, एवढं मला येतं. या घराचा हिशेब मात्र मला तीन वेळा करावा लागला, कारण या घरात फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या, दोन रीती नांदतात: शाफई आणि हनफी.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. भावजय बडोद्याचीच. तिचं घराणं साताऱ्याकडून येऊन तीन पिढ्या इथे स्थिरावलेलं आणि हनफी. नमाजात हात कुठे बांधायचे, आमीन मोठ्याने म्हणायचं की मनात, हे फरक दोघांनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात हसत मिटवले होते. जकातीतला फरक अकरा वर्षांत कुणाच्या लक्षात आला नव्हता.

नवऱ्याची बाजू : कर्जाने सगळं खाल्लं का?

भावाला हातात महिना 62,000 रुपये पगार मिळतो. 2021 च्या शेवटी त्याने फ्लॅट घेतला. त्यावर अजून 14 लाखांचं कर्ज आहे आणि महिन्याचा हप्ता 16,500. त्याचं म्हणणं सरळ होतं: माझ्याकडे सगळं मिळून पाच-साडेपाच लाख, देणं चौदा लाख, म्हणजे मी उणे आहे, मग जकात कसली? याच हिशेबाने त्याने 2022, 2023 आणि 2024 अशी तीन वर्षं काहीच दिलं नव्हतं. त्याआधी तो दरवर्षी देत असे.

नोकरदार माणसांच्या हिशेबात ही चूक मी सगळ्यात जास्त पाहते, आणि ती वाईट हेतूने होत नाही. घराचं कर्ज एकदम फेडायचं नसतं, ते पंधरा-वीस वर्षांत फेडायचं असतं. आज बँक दारात उभी राहून चौदा लाख मागत नाही. म्हणून देणं वजा करायला परवानगी देणाऱ्या हनफी मतातही आजचे बहुतेक मुफ्ती अशा लांब मुदतीच्या कर्जाची पूर्ण रक्कम वजा करू देत नाहीत. कुणी येत्या वर्षभराचे हप्ते वजा करायला सांगतात, कुणी फक्त आत्ता देय झालेला हप्ता. आणि भाऊ तर शाफई. शाफईंच्या प्रचलित मतात देणं असल्याने जकात कमी होतच नाही. माल तुमच्या मालकीत आहे, निसाब, म्हणजे जकात बसायला लागणारा किमान माल, पुरा आहे, वर्ष झालं आहे, एवढं पुरे.

त्याला हे सांगायला मला जड गेलं. पण मी रत्नागिरीच्या आमच्या मौलानांना फोन लावला आणि फोन त्याच्याच हातात दिला. तो बराच वेळ ऐकत राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे आपा, मांड."

निसाबाचा आकडा आधी ठरवावा लागतो. सोन्याचा निसाब 20 मिस्काल, चांदीचा 200 दिरहम. आपल्याकडच्या किताबांत ते साडेसात तोळे सोनं आणि साडेबावन्न तोळे चांदी असं लिहिलेलं असतं. इथे एक सापळा आहे. किताबांतला तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. सराफ आज तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 10 ग्रॅम असतात. म्हणून साडेसात तोळे म्हणजे 75 ग्रॅम नव्हे, 87.48 ग्रॅम. साडेबावन्न तोळे म्हणजे 525 ग्रॅम नव्हे, 612.36 ग्रॅम. (काही आलिम मिस्कालाचं वजन थोडं कमी धरून 85 आणि 595 ग्रॅम सांगतात. आमच्या घरातल्या हिशेबात या फरकाने काही बदललं नाही.) रोख पैशासाठी आपल्याकडे बहुतेक जण चांदीचा निसाब धरतात, कारण तो खालचा आहे आणि गरिबाच्या बाजूचा आहे. चांदीचा तेव्हाचा भाव सोयीसाठी 100 रुपये ग्रॅम धरला, तर निसाब 61,236 रुपये होतो.

दिवस कुठला? भावाला निसाब पहिल्यांदा कधी पुरा झाला ते आठवत नव्हतं, म्हणून फार पूर्वीच त्याने 1 रमजान हीच तारीख पक्की केली होती. 2025 साली ती 2 मार्चला आली. त्या दिवशी जी स्थिती असणार होती ती अशी मांडली.

पगाराच्या खात्यात 1,50,000, त्यात बँकेने दिलेलं व्याज 2,000. ते बाजूला काढून 1,48,000. यात नुकताच आलेला पगारही आहे. त्याने विचारलं, "हा तर आत्ताच आला, याला वर्ष कुठे झालं?" प्रश्न बरोबर आहे. शाफई रीतीने प्रत्येक नव्या कमाईचं वर्ष वेगळं मोजतात. पण मग बारा पगारांच्या बारा तारखा, आणि प्रत्येकातून किती उरलं याची बारा खाती. हे कुणाच्यानेही होत नाही. शाफई मतात निसाब झाला असेल तर वर्ष पुरं होण्याआधी जकात देता येते, म्हणून एकाच दिवशी सगळ्यावर देऊन टाकायची. ज्याला वर्ष झालं त्याची जकात फिटली, ज्याला झालं नाही त्याची आगाऊ दिली. हनफींना ही अडचणच येत नाही. त्यांच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की मधली भर आपोआप त्यात मिळते. एक गोष्ट मात्र दोघांतही सारखी: जकात पगारावर नाही, त्या दिवशी पगारातून जे शिल्लक आहे त्यावर. वर्षभर लाखो कमावून त्या दिवशी हातात काहीच नसेल तर काही बसत नाही.

घरात रोख 12,000. मुदत ठेव 2,50,000. तिच्यावर साठलेलं 17,500 व्याज धरलं नाही. म्युच्युअल फंडाची त्या दिवशीची किंमत 1,20,000. फंड लांब पल्ल्यासाठी ठेवला असेल तर त्यातल्या कंपन्यांच्या फक्त रोख आणि विक्रीच्या मालाच्या भागावर जकात धरावी, असं सांगणारे आलिम आहेत. पण ते काढायला ताळेबंद चाळावे लागतात. भावाने पूर्ण किंमत धरली, मलाही तेच योग्य वाटलं. शिवाय एका सहकाऱ्याला उसने दिलेले 40,000. तो पगारदार आहे, देणं नाकारत नाही आणि हप्त्याने फेडतोय, म्हणून ते पैसे भावाचेच आहेत आणि हिशेबात येतात. बुडीत वाटणाऱ्या पैशाचं वेगळं असतं, ते हाती येईपर्यंत थांबता येतं.

राहता फ्लॅट, स्कूटर, फ्रिज, मोबाइल यांवर काही नाही. ते वापरायचे आहेत, विकायला घेतलेले नाहीत. उद्या तो विकण्याच्याच हेतूने प्लॉट घेईल, तर त्याची बाजारभावाने किंमत दरवर्षी धरावी लागेल.

पीएफमध्ये 6,80,000 होते. हा सगळ्यांचा प्रश्न असतो. पगारातून कायद्याने कापली जाणारी ही रक्कम आपल्या ताब्यात येत नाही, तिचा हवा तसा वापर करता येत नाही. म्हणून भारतातले अनेक मुफ्ती सांगतात की ती हाती येईपर्यंत तिच्यावर जकात नाही, मिळाल्यावर पुढच्या वर्षांत तिचा हिशेब धरावा. आमच्या मौलानांनीही भावाला तसंच सांगितलं. आपणहून जास्तीची कापून घेतलेली रक्कम असेल तर ती वेगळी विचारावी, कारण ती ठेवायची की नाही हे आपल्या हातात असतं. भावाची तशी काही नव्हती.

एकूण 5,70,000. त्याचा चाळीसावा भाग 14,250.

मी मुद्दाम हनफी रीतीनेही मांडून दाखवलं. बारा हप्ते, म्हणजे 1,98,000 वजा केले तर 3,72,000 उरतात आणि जकात 9,300 होते. म्हणजे कुठल्याही रीतीने शून्य येत नाही. तीन वर्षं तो ज्या शून्यावर विसंबून होता, ते या दोन्हींपैकी कुठल्याच हिशेबात नव्हतं.

मागची तीन वर्षं

राहिलेली जकात माफ होत नाही. ती देणं म्हणून अंगावर राहते. मी त्याला 1 रमजानच्या तारखा लिहून दिल्या: 3 एप्रिल 2022, 24 मार्च 2023, 12 मार्च 2024. त्या दिवसांची बँकेची आणि फंडाची शिल्लक त्याने मोबाइलवरच काढली. उसने दिलेले पैसे तेव्हा नव्हते. 2022 ला 1,60,000, 2023 ला 2,80,000, 2024 ला 4,20,000. तिन्ही रकमा त्या-त्या वर्षीच्या चांदीच्या निसाबाच्या कितीतरी वर होत्या. चाळीसावा भाग धरला तर 4,000, 7,000 आणि 10,500. मिळून 21,500.

याच तारखांकडे पाहून त्याच्या लक्षात आलं की त्या दरवर्षी दहा-बारा दिवस आधी येतात. त्याच्या ऑफिसातले दोघे सोयीसाठी 31 मार्चला हिशेब करतात, कारण तेव्हा सगळे कागद तयार असतात. सोय खरी आहे, पण जकातीचं वर्ष चांद्र आहे, 354 दिवसांचं. इंग्रजी तारीख धरायचीच असेल तर अडीच टक्क्यांऐवजी 2.577 टक्के काढावे लागतात. भावाच्या रकमेवर फरक 439 रुपयांचा पडला असता. दिसायला थोडा, पण 32 इंग्रजी वर्षांत 33 चांद्र वर्षं बसतात, म्हणजे अडीच टक्क्यांनीच देत राहिलं तर नोकरीच्या आयुष्यात एका पूर्ण वर्षाची जकात गळून जाते.

मग तो म्हणाला, "आपा, ते एफडीचं 17,500 व्याज आहे ना, तेच मागच्या वर्षांच्या जकातीत घाल." याला मी लगेच नाही म्हटलं. व्याजाची रक्कम जकातीत चालत नाही. ती आपली म्हणून धरलीच नव्हती, मग तीच देऊन आपलं देणं कसं फिटेल? ती पूर्णच्या पूर्ण, सवाबाची, म्हणजे पुण्याची, नियत न ठेवता, गरजूला देऊन टाकायची. 17,500 आणि खात्यातले 2,000 त्याने वेगळ्या पाकिटात ठेवले.

भावजयीचं सोनं

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मामी, म्हणजे भावाची आई, त्यांच्याकडेच असते. मी दागिन्यांचा विषय काढताच मामी म्हणाली, "आमच्यात अंगावरच्या दागिन्याला जकात नसते गं." हे खरं आहे. शाफई मतात बाईच्या वापरातल्या, वाजवी प्रमाणातल्या दागिन्यांवर जकात नाही. (गिन्न्या, बिस्किटं, किंवा पैसा म्हणून तिजोरीत ठेवलेलं सोनं वेगळं, त्यावर आहे.) हनफी मतात मात्र सोनं-चांदी कुठल्याही रूपात असो, अंगावर असो की कपाटात, जकात आहे.

मग या घरात कुठलं मत चालणार? भावाला वाटत होतं की घर त्याचं, म्हणून त्याचं. पण जकात घरावर किंवा कुटुंबप्रमुखावर नसते, प्रत्येक मालकावर त्याच्या मालाची असते. नवरा-बायकोचा माल एकत्र करून हिशेब करायचाच नाही. दागिने भावजयीचे, भावजय हनफी, म्हणून हिशेब हनफी रीतीने आणि तिच्या नावाने. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या माहेरच्या दागिन्यांची मी दरवर्षी देतेच आपा. ट्यूशनच्या पैशातून." भावाला हे अकरा वर्षांत माहीतच नव्हतं. तो तिच्याकडे पाहतच राहिला.

उरले सासरहून मिळालेले: गोठ आणि हार. हे कुणाचे? लग्नात सासरचे लोक दागिने घालतात, तेव्हा ते दिले की फक्त वापरायला दिले, हे कुणी बोलत नाही. तलाकाच्या किंवा वाटणीच्या वेळी त्यावरून जी भांडणं होतात ती मी पाहिली आहेत, म्हणून मी मामीला स्पष्ट विचारलं. मामी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आतापर्यंत ते घराचे, माझेच होते. आजपासून तिचे. तुझ्यासमोर सांगते." एवढ्या एका वाक्याने मागचा प्रश्न सुटला. आतापर्यंत मालक मामी, ती शाफई, आणि सणासमारंभाला घालायचे दागिने, म्हणून मागचं काही नाही. आजपासून मालक भावजय. आणि तिच्याकडे निसाब आधीच असल्याने, वर्षाच्या मधे आलेली ही भर हनफी रीतीने त्याच वर्षाच्या हिशेबात मिळते. तिला नव्याने वर्षभर थांबायचं नव्हतं.

वजन करायला आम्ही दोघी मांडवीजवळच्या एका सराफाकडे गेलो. घरात सगळे "आठ तोळे" म्हणत होते. काट्यावर 80 ग्रॅम भरलेही. पण हारातले खडे, गोठाच्या आतली लाख आणि पोतीचे काळे मणी वजा केल्यावर निव्वळ सोनं 74 ग्रॅम निघालं, माहेरचं 46 आणि सासरचं 28. भाव विचारताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: नवा दागिना घेण्याचा भाव नको, घडणावळही नको, आणि दहा वर्षांपूर्वीच्या पावतीवरची किंमत तर मुळीच नको. आज हेच सोनं मोडीत घातलं तर सराफ काय देईल, तो भाव. 22 कॅरेटला तेव्हा तो 8,000 च्या आसपास होता, गोल आकडा धरला. 74 ग्रॅमचे 5,92,000. चांदीचे पैंजण आणि वाट्या मिळून 150 ग्रॅम, त्यांचे मोडीचे 12,000. तिच्या खात्यात ट्यूशनचे 18,000.

आता बघा. तिच्याकडे फक्त हे 74 ग्रॅम सोनं असतं, चांदी आणि रोख काहीच नसतं, तर सोन्याचा निसाब 87.48 ग्रॅम. तो पुरा होत नाही, म्हणून जकात शून्य. पण सोन्याबरोबर थोडी चांदी किंवा थोडी रोख आली की हनफी रीतीने सगळ्यांची किंमत एकत्र करतात आणि चांदीच्या निसाबाशी लावतात. 6,22,000 हे 61,236 च्या दहापट. चाळीसावा भाग 15,550. खात्यातल्या काही हजारांनी शून्याचे साडेपंधरा हजार केले. "माझं सोनं साडेसात तोळ्यांच्या आत आहे" असं म्हणून निश्चिंत बसलेल्या हनफी बायका मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या पर्समध्ये, खात्यात, डब्यात काही ना काही रोख असतेच.

15,550 तिने एकटीने दिले असते तर खात्यात अडीच हजारच उरले असते. सोन्याच्या रूपानेही देता येतं, 74 ग्रॅमचा चाळीसावा भाग 1.85 ग्रॅम, पण त्यासाठी कुणी गोठ तोडत नाही. भाऊ म्हणाला, "काही मी देतो." नवरा बायकोची जकात देऊ शकतो, पण तिच्या परवानगीने आणि देण्याआधी ती घेऊन. तिला न सांगता दिली आणि मागाहून कळवलं, असं करू नये. तिने 9,000 स्वतःचे काढले आणि 6,550 तिच्या वतीने द्यायला त्याला वकील केलं.

नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाने नानीने दिलेली 10 ग्रॅमची गिन्नी आहे. हनफींकडे नाबालिगाच्या मालावर जकात नाही. शाफईंकडे आहे, वलीने, म्हणजे पालकाने, त्यातून काढायची. पण 10 ग्रॅम सोन्याने निसाबच होत नाही आणि तिच्या नावावर दुसरं काही नाही. तो विषय तिथेच मिटला.

कुणाला द्यायची

भावाचे 14,250 आणि मागचे 21,500, मिळून 35,750. भावजयीचे 15,550. कुराणात सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत हकदारांचे आठ वर्ग दिले आहेत. आपल्यासारख्या घरांतून द्यायची वेळ येते ती बहुतेक फकीर, मिस्कीन आणि कर्जात बुडालेले या तिघांना.

भावाने पहिलं नाव घेतलं मामीचं. ते चालत नाही. आई-बाप, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना आपली जकात देता येत नाही, त्यांना पोसणं आपलंच काम आहे. दुसरं नाव मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वजूखान्याचं. तेही नाही, कारण जकात कुणा हकदार माणसाच्या मालकीत जावी लागते आणि भिंत मालक होत नाही. वजूखान्याला जरूर द्यावं, पण ते जकातीबाहेरचं. तिसरा विचार त्या सहकाऱ्याचा: त्याच्या घरात आजारपण निघालंय, त्याचे 40,000 सोडून देतो, तीच माझी जकात. मन चांगलं होतं, पण कर्ज माफ केल्याने जकात फिटत नाही. तो हकदार असेल तर त्याच्या हातात पैसे द्यायचे. मग त्याने त्यातून आपणहून कर्ज फेडलं तर वेगळी गोष्ट, पण "मला परत दे" अशी अट घालून दिले तर ती जकात राहत नाही. तो सहकारी मात्र अजून पगारावर घर चालवत होता, हकदार नव्हता.

मग भावाने नाव घेतलं मोठ्या बहिणीचं. ती विधवा आहे, रत्नागिरीजवळच्या गावात राहते. शिवणकामात महिना पाच-सहा हजार मिळतात आणि दोन मुलं शाळेत आहेत. बहीण-भावाला जकात देता येते. हदीसमध्ये आहे की नातेवाइकाला दिलेलं दान दोन गोष्टी होतं, दानही आणि नातं जोडणंही. पण इथेच या घराचा सगळ्यात अवघड भाग आला. तिच्या हातात दोन पाटल्या आहेत, 20 ग्रॅमच्या. नवऱ्याची आठवण, तिने विकल्या नाहीत.

भावजयीच्या हिशेबाने पाहिलं तर या पाटल्यांची किंमत 1,60,000. हनफी मतात ज्याच्याकडे मूळ गरजेपलीकडे निसाबाएवढा माल आहे, त्याला जकात घेता येत नाही. सोनं तर त्या मालात येतंच. म्हणजे भावजयीची जकात नणंदेला चालत नाही. भावाच्या, शाफई हिशेबाने पाहिलं तर गरिबीचं माप निसाब नाही, गरज आहे. जिची कमाई घराला पुरत नाही ती हकदार, आणि बाईच्या रीतीप्रमाणे अंगावर असलेला दागिना तिची गरिबी मिटवत नाही. म्हणजे भावाची जकात तिला चालते. एकाच बहिणीला एका पाकिटातून देता येतं, दुसऱ्यातून नाही. मी हे दोन्ही आलिमांना वेगवेगळं विचारून घेतलं, कारण माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

आणखी एक गाठ होती. शाफईंच्या मूळ मतात जकात जिथला माल तिथेच वाटायची, दुसऱ्या गावी पाठवायची नाही. बडोद्याच्या पगाराची जकात रत्नागिरीला कशी जाणार? मौलानांनी सांगितलं की येमेनचे शाफई फकीह इब्न उजैल यांनी जकातीच्या तीन बाबतींत मूळ मत सोडून फतवा दिला होता, त्यांतली एक जकात दुसरीकडे पाठवण्याची, आणि नंतरच्या अनेकांनी त्यावर अमल केला. उरलेल्या दोन म्हणजे एकाच वर्गाला देणं आणि एकाच माणसाला देणं. त्या दोन्ही सवलतीही आम्हाला लागत होत्या. भावाने 25,000 बहिणीला पाठवायचे ठरवले आणि 10,750 इथेच, पाणीगेटजवळच्या एका रिक्षावाल्याला. त्याची रिक्षा हप्ते थकल्यामुळे ओढून नेली होती.

भाऊ म्हणाला, "बहिणीला महिन्याला दोन-दोन हजार पाठवतो." मी नको म्हटलं. जकात देय झाली की अडवून ठेवायची नसते. मासिक द्यायची असेल तर पुढच्या वर्षाची आगाऊ सुरू करता येते, मागची नव्हे. आणि तिला "ही जकात आहे" असं सांगायची गरज नाही. नियत देणाऱ्याच्या मनात असली की पुरे. त्याने पैसे पाठवताना फोनवर एवढंच सांगितलं, "मुलांच्या फीसाठी."

भावजयीने तिचे 15,550 दोघींना दिले. तिच्या ट्यूशनच्या दोन मुली आहेत, त्यांच्या आया भाड्याच्या खोलीत राहतात आणि दोघींच्याही अंगावर सोनं नाही. तिने ते आधी सहज बोलता बोलता पाहून घेतलं होतं. घरकामाला येणाऱ्या ताई गैरमुस्लिम आहेत. भावजयीला त्यांनाही द्यायचं होतं. जकातीतून त्यांना देता येत नाही, सदका, म्हणजे ऐच्छिक दान, देता येतो. तिने सणाचा बोनस पगारापेक्षा वेगळा, स्वतःच्या पैशातून दिला. मुस्लिम बाई असत्या तरी ठरलेला पगार किंवा बोनस जकातीत धरता आला नसता, तो कामाचा मोबदला आहे.

ईदनंतर भाऊ पुन्हा आला आणि माझ्याकडून एक वही मागून घेतली. पहिल्या पानावर त्याने दोन रकाने आखले, एक त्याच्या नावाचा, एक तिच्या. तिच्या रकान्यात तिने स्वतः लिहिलं: सोनं 74 ग्रॅम, निव्वळ. त्याच्या रकान्यात कर्जाची ओळ मी मुद्दाम लिहू दिली, पण तिच्यापुढे आकडा न लिहिता त्याने लिहिलं, "वजा नाही." खाली पुढची तारीख: 1 रमजान 1447, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, चांद दिसेल तशी.